क्रामर-राव सीमा वापरताना या चुका टाळा

एक बस ठरावीक θ मिनिटांनी सुटते आणि आपण स्टॉपवर कधीही जातो. मग आपली वाट पाहण्याची वेळ 0 ते θ मध्ये कुठेही, सारख्याच शक्यतेने पडते. 10 दिवसांच्या नोंदींवरून θ काढायचा आहे.

बहुतेक विद्यार्थी इथे लगेच क्रामर-राव सीमेच्या सूत्राला हात घालतात. घनता 1/θ, तिच्या लॉगचा θ सापेक्ष डेरिव्हेटिव्ह −1/θ, त्याचा वर्ग 1/θ². ही झाली एका नोंदीतली फिशर माहिती. म्हणजे 10 नोंदींवर आधारलेल्या कोणत्याही अनबायस्ड एस्टिमेटरचा व्हेरियन्स θ²/10 पेक्षा कमी असूच शकत नाही. θ = 12 धरला तर ही मर्यादा 14.4 येते.

आता सर्वांत लांबलेली वाट घ्या आणि तिला 11/10 ने गुणा. हा एस्टिमेटर अनबायस्ड आहे आणि त्याचा व्हेरियन्स θ²/(n(n+2)), म्हणजे 144/120 = 1.2. सरासरीची दुप्पट हा त्यामानाने ढोबळ एस्टिमेटर, पण त्याचाही व्हेरियन्स 4.8 च भरतो. विश्वास नसेल तर R मध्ये पाहा, उत्तर 1.2 च्या आसपास येईल:

```r
var(replicate(100000, 1.1*max(runif(10, 0, 12))))
```

सी. आर. राव यांनी 1945 मध्ये कोलकात्यात मांडलेलं प्रमेय यामुळे खोटं पडत नाही, कारण त्याची अटच आपण पाळलेली नाही. सिद्धतेत ∫ f dx = 1 या समीकरणाचा डेरिव्हेटिव्ह इंटिग्रल चिन्हाच्या आत नेला जातो. आपल्या उदाहरणात इंटिग्रलची वरची हद्दच θ आहे. θ बदलला की हद्दही सरकते, आणि ते पाऊल टाकता येत नाही.

ही चूक ओळखायला सोपी आहे. लॉग-घनतेच्या डेरिव्हेटिव्हची, म्हणजे स्कोअरची, सरासरी शून्य यायला हवी. इथे ती −1/θ येते. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हवरून माहिती काढलीत तर उत्तर चक्क ऋण येतं, −1/θ². दोन सूत्रांची उत्तरं जुळली नाहीत की तिथेच थांबावं. ही तपासणी दोन ओळींची आहे, तरी परीक्षेत ती करणारे विरळाच.

दुसरी चूक उलट्या दिशेची. अट पाळली जाते, पण सीमा गाठता येत नाही म्हणून लोक आणखी चांगला एस्टिमेटर शोधत बसतात. एक्स्पोनेन्शियल वितरणाचा दर λ घ्या. 10 नोंदींसाठी सीमा λ²/10. (n−1)/ΣX हा अनबायस्ड एस्टिमेटर λ²/8 वर अडतो, आणि त्याहून कमी व्हेरियन्सचा अनबायस्ड एस्टिमेटर अस्तित्वातच नाही: ΣX हे पूर्ण आणि पर्याप्त आहे, त्यामुळे लेमन-शेफे प्रमेयाने प्रश्न मिटतो. गंमत म्हणजे λ ऐवजी 1/λ काढायचा असता, तर साध्या सरासरीने सीमा अचूक गाठली असती.