गर्डरखालचा रबर पॅड केवढा घ्यायचा? रिकाम्या पुलाचाही हिशोब करा

विदर्भातल्या गावरस्त्यावर नाल्यावरचा पूल बघितला, तर गर्डर आणि पिअर कॅप यांच्या मध्ये एक काळी चकती चेपलेली दिसते. तिला साइटवर ‘रबर पॅड’ किंवा ‘न्योप्रीन पॅड’ म्हणतात. आत पोलादाच्या पातळ पत्र्या आणि त्यांच्यामध्ये रबराचे थर असतात. पत्र्या रबराला बाजूला पसरू देत नाहीत, म्हणून पॅड खाली-वर कडक राहतो. आडवा सरकायला आणि थोडा कलायला मात्र तो मऊच असतो.

पॅडचा आकार भारावरून ठरतो, हे सगळ्यांना माहीत असते. पण थर किती घ्यायचे, हे पुष्कळदा भरल्या पुलावर नाही, रिकाम्या पुलावर ठरते. एक उदाहरण घेऊन बघू.

समजा १६ मीटर गाळ्याचा, तीन आरसीसी गर्डरचा दोन पदरी पूल आहे. दोन्ही टोकांना पॅडच आहेत, म्हणजे एकूण सहा. एका पॅडवर पुलाचे स्वतःचे वजन २८० किलोन्यूटन येते आणि अवजड गाडी उभी असताना एकूण ६८० किलोन्यूटन. खालचा हिशोब इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी:८३ भाग २’ या नियमावलीच्या १९८७ च्या पद्धतीने केला आहे. नंतरच्या आवृत्तीत मर्यादा अवस्थेची पद्धत आली, त्यामुळे अंतिम डिझाइन चालू आवृत्तीनुसारच करा. पण पॅड कसा वागतो हे समजायला जुनी पद्धत जास्त सोपी आहे.

आधी दाब

२५० × ४०० मिमीचा पॅड धरू. पत्र्या गंजू नयेत म्हणून चारही बाजूंनी ६ मिमी रबराचे आवरण असते, त्यामुळे भार घेणारा भाग २३८ × ३८८ मिमी, म्हणजे ९२,३४४ चौरस मिमी. भरल्या पुलाचा दाब ६,८०,००० ÷ ९२,३४४ = ७.३६ मेगापास्कल येतो. मर्यादा १० ची आहे. रिकाम्या पुलाचा दाब ३.०३ येतो आणि तो २ च्या खाली जाऊ नये, अशी अट आहे. खालची ही अट अनेक जण वाचतच नाहीत. ‘सुरक्षित असू दे’ म्हणून मोठा पॅड घेतला की दाब कमी होतो आणि पॅड घट्ट बसत नाही.

आता एका थराची जाडी. १० मिमीचा थर घेतला, तर आकार गुणांक, म्हणजे दाब घेणारे क्षेत्रफळ भागिले थराच्या उघड्या कडेचे क्षेत्रफळ, ९२,३४४ ÷ (२ × १० × ६२६) = ७.३८ येतो. तो ६ ते १२ मध्ये हवा, म्हणून थर चालेल.

मग सरकणे

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पौषातल्या पहाटे १० च्या खाली येतो. काँक्रीट हवेइतके पटकन तापत-निवत नाही. तरी उन्हाळ्यात बसवलेल्या गर्डरसाठी २५ अंशांची घट धरणे योग्य. दर अंशाला १२ × १०⁻⁶ प्रमाणे ते आकुंचन ०.०००३ होते. काँक्रीट सुकून आणखी ०.०००२ आखडते. एकूण ०.०००५. दोन्ही टोके सारखी सरकतात, म्हणून प्रत्येक टोकाच्या वाट्याला अर्धा गाळा: ८,००० × ०.०००५ = ४ मिमी.

दोन आतले थर आणि वर-खाली ५ मिमीचे दोन थर घेतले, तर रबर ३० मिमी होते आणि तिरपेपणा ४ ÷ ३० = ०.१३. यात ब्रेकचा जोर मिळवायचा. अवजड गाडीचा २०० किलोन्यूटन ब्रेक सहा पॅडमध्ये वाटला, तर एका पॅडला ३३.३ येतो. रबराचा कर्तन गुणांक १ मेगापास्कल धरून त्याचा तिरपेपणा ३३,३०० ÷ ९२,३४४ = ०.३६. एकूण ०.४९, मर्यादा ०.७.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ब्रेकमुळे येणाऱ्या ०.३६ मध्ये जाडी कुठेच नाही. पॅड जाड केला की फक्त आकुंचनाचा भाग घटतो. ब्रेकने पॅड जास्त तिरपा होत असेल, तर क्षेत्रफळच वाढवावे लागते.

पॅड घर्षणावर बसलेला असतो, म्हणून तो घसरणार तर नाही ना, हेही बघायचे. तिरपेपणा ०.२ + ०.१ × दाब यापेक्षा जास्त नको. रिकाम्या पुलाला ती मर्यादा ०.२ + ०.३०३ = ०.५० येते आणि आपण ०.४९ वर उभे आहोत. काठावरच.

आता टोकाचे कलणे

गर्डर वाकला की त्याचे टोक कलते. सेंटरिंग काढल्यावर पुलाच्या स्वतःच्या वजनाने, काँक्रीटचे दीर्घकालीन सैल होणे धरून, आपल्या गर्डरचे टोक ०.००२८ रेडियन कलते, म्हणजे एका मीटरला २.८ मिमी उतार. गाडी आल्यावर आणखी ०.००२१. भरल्या पुलाचे एकूण ०.००४९.

एक थर किती कलू शकतो, याचे सूत्र असे: ०.५ × दाबाची मर्यादा १० × थराची जाडी ÷ (गाळ्याच्या दिशेची रुंदी × आकार गुणांकाचा वर्ग). आपल्या थराला ५० ÷ (२३८ × ५४.५) = ०.००३८६ येते. याला आतल्या थरांच्या संख्येने गुणायचे आणि पुन्हा प्रत्यक्ष दाब ÷ १० ने गुणायचे. दाब जितका कमी तितका पॅड कमी कलू शकतो, कारण कडेवर पुरेसा भार नसला की तिथला गर्डर पॅडवरून उचलला जातो.

दोन थरांवर भरला पूल: ०.७३६ × २ × ०.००३८६ = ०.००५७. हवे होते ०.००४९, म्हणजे पास. रिकामा पूल: ०.३०३ × २ × ०.००३८६ = ०.००२३. हवे होते ०.००२८. नापास.

तीन थर घेतले की रिकाम्या पुलाला ०.००३५ मिळते आणि भरल्याला ०.००८५. रबर ४० मिमी झाले, तिरपेपणा ०.१० + ०.३६ = ०.४६ वर आला आणि घसरण्याची अटही जरा सैल झाली. एकूण रबर रुंदीच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शात, म्हणजे २५ ते ५० मिमीत हवे. ४० त्यात बसते.

शेवटी तिन्ही ताणांची बेरीज घ्यायची. दाबाचा १.५ × ७.३६ ÷ ७.३८ = १.५०, सरकण्याचा ०.४६ आणि थर पूर्ण कलला असे धरून कलण्याचा ०.५ × (२३.८)² × ०.००३८६ = १.०९. एकूण ३.०५, मर्यादा ५. म्हणून पॅड २५० × ४०० मिमी, आत १० मिमीचे तीन थर, वर-खाली ५ मिमी, ३ मिमीच्या चार पत्र्या. उंची ५२ मिमी.

साइटवर

२५० ची बाजू गाळ्याच्या दिशेला हवी. पॅड फिरवून ४०० ची बाजू गाळ्याकडे ठेवली, तर रिकाम्या पुलाला कलण्याची क्षमता ०.००२२ वर येते आणि डिझाइन पुन्हा नापास. कामगाराला नकाशातून हे कळत नाही. पॅड ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसतो, त्या पेडेस्टलवर खडूने बाण काढून द्या.

पेडेस्टल सपाट आणि समपातळीत नसेल, तर आधीच काही कल वाया जातो. रस्ता चढाचा असेल, तर गर्डरच्या तळाला पॅडपुरती समपातळ जागा करून घ्या, पॅड उताराला टेकवू नका. गर्डर जागेवरच ओतत असाल, तर पॅडभोवतीची शटरिंगची फळी आणि सांडलेला मसाला नंतर काढलाच पाहिजे. तो राहिला तर पॅड सरकतच नाही आणि सगळा जोर पेडेस्टलवर जातो. तयार गर्डर शक्यतो पहाटेच्या गारव्यात पॅडवर टेकवावा. दुपारच्या उन्हात टेकवला, तर पुढचे जवळजवळ सगळे सरकणे एकाच दिशेला होते.

पॅडची तपासणी पावसाळ्याच्या आधी, नाला कोरडा असताना करा. पत्र्यांच्या मधून रबराचे सारखे हलके फुगवटे दिसणे ठीक आहे. एकाच बाजूला मोठा फुगवटा, थरांच्या रेषेत आडवी चीर किंवा पत्रीचा गंज दिसला, तर पॅड गेला. कडेला पोस्टकार्ड आत सरकते का बघा. सरकत असेल तर गर्डर तिथे उचललेला आहे. आकुंचनाच्या ४ मिमीऐवजी पॅड दहा-बारा मिमी तिरपा दिसला, तर जॅकने गर्डर उचलून पॅड सरळ करून बसवता येतो. चीर पडलेला पॅड मात्र बदलावाच लागतो आणि बदलताना त्या टोकाचे तिन्ही एकदम बदलावेत. एकच नवा टाकला, तर जुन्या चेपलेल्या पॅडपेक्षा तो उंच राहतो आणि जास्तीचा भार एकटा घेतो.