आंब्यावरचे बांडगूळ फोटोवरून ओळखताना या चुका टाळा

"हे बांडगूळ आहे का, आणि झाड वाचेल का?" असे विचारत पाठवलेल्या फोटोत बहुतेक वेळा आकाशाच्या उजेडापुढे काळा पडलेला झाडाचा आकार असतो. त्यावरून काहीच सांगता येत नाही. सूर्य पाठीशी ठेवा आणि तीन फोटो काढा: पूर्ण झाडाचा, त्या झुपक्याचा, आणि झुपका फांदीला जिथे चिकटला आहे त्या सांध्याचा. तिसरा फोटो सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी काढत नाही.

झाडावर उगवले म्हणजे बांडगूळ नव्हे

आंब्याच्या फांदीवर सीतेची वेणी नावाचे ऑर्किड असते, नेचे असतात, कधी पिंपळाचे रोपही असते. ही झाडे फांदीचा फक्त आधार घेतात. ऑर्किडची जाड, पांढुरकी मुळे सालीवरून पसरलेली दिसतात आणि त्यांच्याखालची फांदी सरळ, सारख्या जाडीची राहते. बांडगुळाच्या सांध्यावर मात्र फांदी फुगून गाठ झालेली असते. आपल्याकडे आंब्यावर नेहमी दिसणाऱ्या बांडगुळाची (डेंड्रोफ्थी फाल्काटा) आणखी एक खूण आहे: गाठीपासून करड्या रंगाची मुळे फांदीच्या सालीवरून पुढे-मागे धावतात आणि जागोजागी आत घुसतात. सीतेची वेणी बांडगूळ समजून ओरबाडून काढली, तर झाडाला काही फायदा नाही आणि एक चांगले ऑर्किड मात्र गेले.

पाने पाहिली तरी फरक कळतो. आंब्याचे पान लांबट, टोकदार असते. बांडगुळाचे पान रुंद, जाड, टोकाला बोथट आणि करडी झाक असलेले असते. नारिंगी-तांबड्या नळीसारखी वाकडी फुले दिसली, तर शंकाच उरत नाही.

हिरवे झाड म्हणजे निरोगी झाड नव्हे

नुकसानीचा अंदाज इथेच चुकतो. बांडगुळाला स्वतःची हिरवी पाने असतात, अन्नही ते बरेचसे स्वतःच तयार करते. झाडाकडून घेते ते मुख्यतः पाणी आणि क्षार. त्यामुळे गाठीच्या पुढचा फांदीचा शेंडा हळूहळू उपाशी पडतो, पाने लहान होतात, मोहर येत नाही आणि शेवटी शेंडा वाळतो. पण त्याची जागा झुपक्याने भरलेली असल्याने लांबून झाड भरगच्च दिसते. म्हणून झुपके मोजत बसू नका. प्रत्येक झुपक्याच्या पुढे आंब्याची पाने उरली आहेत का, ते पाहा.

पूर्ण झाडाचा अंदाज घ्यायला अमेरिकी वनरोगतज्ज्ञ हॉक्सवर्थ यांची 1977 ची पद्धत उपयोगी पडते. पर्णसंभाराचे वर, मध्ये, खाली असे तीन भाग करा. भागात बांडगूळ नसेल तर 0, निम्म्या किंवा त्याहून कमी फांद्यांवर असेल तर 1, निम्म्याहून जास्त फांद्यांवर असेल तर 2. समजा वरच्या भागात बहुतेक फांद्या धरल्या आहेत, मध्ये दोन-चार आहेत, खाली काही नाही: 2 + 1 + 0, म्हणजे सहापैकी 3. मात्र ही पद्धत मुळात सूचिपर्णी झाडांवरच्या वेगळ्या बांडगुळांसाठी केलेली आहे. आंब्याला 3 गुण मिळाले म्हणून तो किती वर्षे जगेल, हे तिच्यावरून ठरत नाही. याच वर्षीचे झाड पुढच्या वर्षीशी ताडून पाहायला ती चांगली. फोटो दोन विरुद्ध बाजूंनी घ्या, नाहीतर मागची बाजू गुणांत येतच नाही. शिवाय मुख्य फांदीच्या बुडाशी असलेले एक बांडगूळ शेंड्यांवरच्या पाचांहून घातक असू शकते. गुणांत ते दिसत नाही, सांध्याच्या फोटोत दिसते.

वाळलेल्या प्रत्येक फांदीचे खापर बांडगुळावर फोडण्याचीही घाई नको. वाळलेल्या फांदीवर गाठच नसेल, तर बुंध्यावर भुसा आणि छिद्रे शोधा. तो खोडकिडा असू शकतो.

नुसता झुपका छाटणे

कोयत्याने झुपका उडवला, तर सालीवरच्या मुळांतून पुन्हा फुटवे येतात. बारीक फांदी असेल तर खोडाच्या दिशेने शेवटचे मूळ जिथे घुसले आहे, त्याच्या फूटभर मागून ती कापा. जाड फांदीवर गाठ आणि मुळे पटाशीने कोरून काढा आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, भांडे लोखंडी नको). हे काम बांडगुळाची फळे पिकण्याआधी करा. पिकलेली फळे फुलटोच्या पक्षी खातो आणि चिकट बिया दुसऱ्या फांद्यांवर लावतो.

अमरवेलीचे गणित वेगळे आहे. पाने नसलेले पिवळे दोरे कुंपणावर किंवा बोरीवर पसरलेले दिसले, तर सांध्याला गाठ शोधू नका, दोऱ्यांवरचे शोषक फुगवटे पाहा. बांडगुळाचा छाटलेला झुपका जमिनीवर वाळून मरतो, पण अमरवेलीचा तुकडा झाडावर राहिला तर पुन्हा धरतो. म्हणून तिची वेढलेली डहाळी धरूनच कापा आणि जाळून टाका. किनाऱ्याजवळ असाच दिसणारा पण हिरवट, चिवट दोऱ्यांचा आणि गोल गरदार फळांचा वेल दिसला, तर तो कॅसिथा आहे, अमरवेल नव्हे.

छाटणीनंतर त्याच सांध्याचा फोटो पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच बाजूने घ्या. कापाच्या मागे सालीतून बोथट पानांचे फुटवे आलेले दिसले, तर एखादे मूळ मागे राहिले आहे.