चार डायोडचा ब्रिज रेक्टिफायर कसा बांधावा: १२ व्होल्ट १ अँपिअरच्या सप्लायचा हिशेब

छोट्या ॲम्प्लिफायरसाठी मी पहिल्यांदा १२ व्होल्टचा सप्लाय बांधला तेव्हा दुकानातून १२ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणला. पुढे चार डायोड, २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 7812 रेग्युलेटर. हलक्या आवाजात सगळं ठीक चालायचं. आवाज वाढवला की गाण्याच्या मागे घुंऽऽ असा घोगरा सूर यायचा, आणि अर्ध्या तासात ट्रान्सफॉर्मरला हात लावता येत नव्हता, वार्निशचा वास सुटायचा. एकही जोडणी चुकलेली नव्हती. चुकला होता तो हिशेब.

ट्रान्सफॉर्मरवर छापलेले १२ व्होल्ट हे आरएमएस मूल्य असतं. त्याच लाटेचं शिखर, म्हणजे पीक, १७ व्होल्टपर्यंत जातं. ती लाट डायोडमधून सरळ केली की तिची सरासरी ११ व्होल्टच्याही थोडी खाली येते. लाट एकच, आकडे तीन, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. डायोडने किती उलटा दाब सोसायचा ते शिखरावरून ठरतं. कपॅसिटर नसताना डीसी मीटर दाखवतो ती सरासरी. ट्रान्सफॉर्मर किती तापेल ते मात्र वाइंडिंगमधून वाहणाऱ्या करंटचं आरएमएस मूल्य ठरवतं. हे तिन्ही वेगळे ठेवून तोच सप्लाय आता पुन्हा बांधू.

आधी ट्रान्सफॉर्मरचे व्होल्ट

हिशेब उलट्या टोकाने, म्हणजे आउटपुटकडून सुरू करायचा. 7812 मधून नीट १२ व्होल्ट हवे असतील तर त्याच्या इनपुटला कोणत्याही क्षणी साधारण १४ व्होल्टच्या खाली जाऊन चालत नाही. "कोणत्याही क्षणी" हे महत्त्वाचं, कारण कपॅसिटरवरचा दाब सपाट नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ब्रिजमधून सेकंदाला १०० उमाळे येतात. दोन उमाळ्यांच्या मधल्या १० मिलिसेकंदांत कपॅसिटर एकटा लोड ओढतो आणि त्याचा दाब उतरतो. किती उतरतो? करंटला १०० ने आणि कपॅसिटरच्या फॅरडमधल्या मूल्याने भागायचं. १ अँपिअरला २२०० मायक्रोफॅरड लावला तर जवळजवळ साडेचार व्होल्ट, ४७०० लावला तर २.१ व्होल्ट. प्रत्यक्षात थोडं कमीच उतरतं, कारण पुढचा उमाळा दहा मिलिसेकंद पुरे व्हायच्या आतच कपॅसिटर भरू लागतो.

माझ्या पहिल्या सप्लायचं गणित इथेच फसलं होतं. शिखर १७ व्होल्ट. वाटेत एका वेळी दोन डायोड येतात आणि भर करंटला प्रत्येक जण सुमारे एक व्होल्ट खातो, म्हणजे उरले १५. त्यातून चारेक व्होल्ट उतरले की तळ ११ वर. रेग्युलेटरला हवे १४. त्यामुळे सेकंदाला १०० वेळा रेग्युलेटरचा हात सुटायचा, आणि तोच घोगरा सूर स्पीकरमधून ऐकू यायचा.

आता १५ व्होल्टची सेकंडरी घ्या. शिखर २१.२, डायोड वजा जाता १९.२, आणि ४७०० मायक्रोफॅरडने तळ १७.१. घरातला दाब २३० ऐवजी २०७ झाला, जे संध्याकाळी अनेक गावांत होतं, तरी तळ १५ व्होल्टवर राहतो. म्हणून सेकंडरी १५ व्होल्टची.

दुकानात १५-०-१५ दिला तर गोंधळू नका. मधली तार आणि कुठलंही एक टोक घेतलं की १५ व्होल्ट मिळतात. दोन्ही टोकं ब्रिजला जोडलीत तर ३० व्होल्ट येतील, शिखर ४२ च्या वर जाईल, आणि 7812 ला इनपुटवर ३५ च्या वर चालत नाही.

मग ट्रान्सफॉर्मरचे अँपिअर

बहुतेकांची चूक इथेच होते. लोड १ अँपिअरचा, म्हणून ट्रान्सफॉर्मरही १ अँपिअरचा, हे वरवर पटतं.

नळाला पाणी दिवसातून तासभर येतं, पण घरात ते दिवसभर वापरलं जातं. त्या एका तासात टाकी भरायची तर नळ मोठ्या धारेने वाहावा लागतो. कपॅसिटर ही तशीच टाकी. लाटेचं शिखर त्याच्या दाबापेक्षा वर जातं तेवढ्याच थोड्या वेळात डायोड चालू होतात, आणि उरलेल्या वेळात लोडने ओढलेला सगळा करंट तेवढ्यातच भरून काढावा लागतो. लोडला १ अँपिअर एकसारखा मिळतो, पण वाइंडिंगमधून तो उंच, अरुंद झटक्यांनी जातो. अशा झटक्यांचं आरएमएस मूल्य लोडच्या करंटच्या १.६ ते १.८ पट भरतं.

तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.८ चा वर्ग ३.२४. म्हणजे १ अँपिअरच्या वाइंडिंगमध्ये ठरल्यापेक्षा तिप्पट उष्णता मुरत होती. वार्निशचा वास त्याचाच.

म्हणून १ अँपिअर डीसीसाठी सेकंडरी २ अँपिअरची घ्या. १५ गुणिले २, म्हणजे ३० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर. डिप्लोमाच्या पुस्तकात ब्रिजसाठी ०.८१२ हा ट्रान्सफॉर्मर युटिलायझेशन फॅक्टर असतो. तो बरोबरच आहे, पण कपॅसिटर नसलेल्या, निव्वळ रेझिस्टरच्या लोडसाठी. तो इथे वापरून व्हीए काढलात तर ट्रान्सफॉर्मर लहान पडेल.

डायोड आणि उलटा दाब

ब्रिजमध्ये सेकंडरीचं एक टोक अ आणि दुसरं ब म्हणू. अ धन असताना वरचा एक डायोड अ ला आउटपुटच्या प्लसशी जोडतो आणि खालचा एक ब ला मायनसशी. आता ब पासून प्लसकडे जाणाऱ्या डायोडकडे पाहा. त्याचं एक पाऊल ब वर, दुसरं प्लसवर, आणि प्लस तर या क्षणी जवळजवळ अ वर आहे. म्हणजे अख्ख्या सेकंडरीचा दाब त्याच्यावर उलटा पडतो. हाच पीक इन्व्हर्स व्होल्टेज, आणि ब्रिजमध्ये तो शिखराएवढा. कपॅसिटर लावल्यानेही तो वाढत नाही. दोन डायोडच्या सेंटर टॅप रेक्टिफायरमध्ये मात्र अर्ध्या वाइंडिंगच्या शिखराच्या दुप्पट पडतो.

आपल्या सप्लायमध्ये सर्वांत वाईट वेळ कोणती? लोड काहीच नाही आणि घरातला दाब १० टक्के जास्त. लहान ट्रान्सफॉर्मर बिनलोडचा १५ ऐवजी १७ व्होल्टच्या आसपास देतो, त्यावर १० टक्के चढले की शिखर २६-२७ व्होल्ट. 1N4001 चे ५० व्होल्ट याला पुरतात, पण किंमत जवळपास तीच असल्याने सगळे १००० व्होल्टचा 1N4007 घेतात, तेच बरं. प्रत्येक डायोड अर्धाच वेळ राबतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला सरासरी अर्धा अँपिअर येतो आणि त्याची मर्यादा १ अँपिअरची आहे. पेटी बंद आणि हवा खेळत नसेल तर मी ३ अँपिअरचे 1N5408 लावतो. त्यांचे जाड पाय उष्णता ओढून घेतात.

याच २६-२७ व्होल्टमुळे कपॅसिटर २५ व्होल्टचा चालणार नाही. ३५ व्होल्टचा घ्या.

जोडणी आणि मोजणी

डायोडवर रुपेरी पट्टी असते ती कॅथोडची बाजू. दोन डायोडच्या पट्ट्या एकत्र जोडा, तो प्लस. उरलेल्या दोघांची बिनपट्टीची टोकं एकत्र जोडा, तो मायनस. राहिलेले दोन सांधे, जिथे एकाची पट्टी आणि दुसऱ्याचं बिनपट्टीचं टोक भेटतं, तिथे सेकंडरी. प्रायमरीत २५० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज टाका.

पहिल्यांदा वीज देताना प्रायमरीच्या सिरीजमध्ये ६० वॅटचा तारेचा बल्ब लावा. एलईडी बल्ब या कामाचा नाही. एक जरी डायोड उलटा लागला असेल तर एका अर्ध्या लाटेत सेकंडरी सरळ शॉर्ट होते. मग बल्ब ठळक पेटतो, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तुमचे डायोड वाचतात. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला किंवा तार जेमतेम लाल राहिली की पुढे चला. आता वीज बंद करून बल्ब काढा.

कपॅसिटर अजून लावू नका. प्लस-मायनसमध्ये २२० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर लावा आणि आधी सेकंडरीवर एसी व्होल्ट मोजा. समजा १६.८ आले. करंट थोडाच असल्याने इथे दोन डायोड मिळून १.४ व्होल्ट खातात. आता हे तीन हिशेब:

```
Vavg  = 0.9 x 16.8 - 1.4   = 13.7
Vpeak = 1.414 x 16.8       = 23.8
Vcap  = 23.8 - 1.4         = 22.4
```

रेझिस्टरवर मीटरने १३.७ डीसीच्या आसपास दाखवलं तर चारही डायोड कामाला लागले आहेत. आकडा निम्म्यावर, सात व्होल्टच्या जवळ, आला तर एखादा डायोड ओपन आहे किंवा त्याचा सांधा कच्चा आहे. ही चाचणी कपॅसिटर लावण्याआधीच करायची, कारण नंतर हलक्या लोडवर हा दोष लपतो.

मग वीज बंद करा आणि कपॅसिटर लावा. त्याच्या अंगावरची वजा खुणांची पट्टी मायनसला. उलटा लागला तर तो फुगतो, फुटूही शकतो. पुन्हा वीज दिल्यावर त्याच रेझिस्टरवर आता २२ व्होल्टच्या आसपास दिसेल. कुठून वाढले म्हणून दचकू नका. आधी मीटर उमाळ्यांची सरासरी सांगत होता, आता कपॅसिटरने शिखर धरून ठेवलं आहे.

शेवटी 7812 लावा, हीट सिंकसकट. १ अँपिअरला इनपुटची सरासरी सुमारे १८ व्होल्ट राहते, म्हणजे सहा व्होल्टचा फरक आणि सहा वॅट उष्णता. उघडा ठेवला तर काही सेकंदांत तो स्वतःला वाचवायला आउटपुट पाडतो. लोड म्हणून बाईकच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब लावा, तो ०.८३ अँपिअर ओढतो. अर्धा तास चालू ठेवून आउटपुट मोजा, ते १२ वरून हलता कामा नये. मग वीज बंद करून ट्रान्सफॉर्मरला हात लावा. कोमट असेल, हात ठेवून राहता येईल, तर काम झालं. घुंऽऽ पुन्हा आलीच तर मीटर एसीवर ठेवून कपॅसिटरपाशी मोजा. पूर्ण लोडला तिथे अर्धा-पाऊण व्होल्ट एसी दिसणं ठीक. एक व्होल्टच्या पुढे गेलं तर कपॅसिटर वाळलेला आहे किंवा ब्रिजचा एक हात तुटून ५० हर्ट्झवर आला आहे.