पुढच्या एक्सलचा सीव्ही जॉइंट : या चुका टाळा

ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टवर हात बसलेले अनेक मेकॅनिक मोटारीच्या पुढच्या एक्सलकडेही त्याच नजरेने पाहतात, आणि बऱ्याच चुकांचे मूळ तिथेच असते. साधा युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ म्हणतात, कोनात वाकला की पुढे एकसारखी गती देत नाही. कोन ३० अंशांचा असेल आणि एक्सल मिनिटाला १०० फेरे फिरत असेल, तर पलीकडची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे ८७ पर्यंत उतरते आणि दोनदा ११५ पर्यंत चढते. प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांना समान कोनात आणि योग्य जुळणीत दोन क्रॉस बसवले की एकाचा चढउतार दुसरा भरून काढतो. पुढचे चाक मात्र वळते आणि खड्ड्यांवर वरखालीही होते, त्यामुळे दोन्ही कोन समान राहत नाहीत आणि तो हिसका स्टीअरिंगपर्यंत पोहोचतो. यासाठी सीव्ही, म्हणजे कोनातही एकसारखी गती देणारा, जॉइंट लागतो. त्याच्या आल्फ्रेड झेपा यांच्या रचनेत सहा गोळ्या दोन्ही शाफ्टमधील कोन नेमका दुभागणाऱ्या प्रतलात राहतात, म्हणून गती बदलत नाही. चाकाकडच्या टोकाला बहुधा हाच जॉइंट असतो, तर गिअरबॉक्सकडे लांबी कमीजास्त होऊ देणारा, तीन रोलरांचा ट्रायपॉड जॉइंट असतो.

पहिली चूक फाटक्या रबरी बुटाकडे दुर्लक्ष करण्याची. क्रॉसला ग्रीस निपल असू शकतो. मोटारीच्या सीव्ही जॉइंटला सहसा तो नसतो, आणि एकदा भरलेले ग्रीस सांभाळण्याचे काम बुटाचेच असते. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर पावसाळ्यातल्या पुण्याच्या चिखलात गाडी तशीच चालवू नये. आवाज सुरू होण्याआधी बूट बदलला, तर जॉइंट बहुधा वाचतो.

दुसरी चूक आवाज ओळखण्यातली. समजा, सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमधून स्टीअरिंग पूर्ण वळवून बाहेर पडताना कटकट असा आवाज येतो, गाडी सरळ धावू लागली की थांबतो, आणि गॅरेजवाला चाकाचे बेअरिंग बदलायला सांगतो. बेअरिंग साधारणपणे वेगाबरोबर वाढणारी घरघर करते. वळणावरची कटकट बाहेरच्या जॉइंटच्या झिजलेल्या खोबणींची असते. कात्रज घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरते आणि पाय काढताच शांत होते, तर आतल्या ट्रायपॉडचा संशय घ्यावा. कटकट कोणत्या बाजूची, हे केवळ कानाने ठरवणे मला धोक्याचे वाटते. दोन्ही बूट उघडून पाहावेत.

तिसरी चूक, कटकट सुरू झाल्यावर केवळ नवा बूट आणि ग्रीस घालण्याची. खोबणीत नखाला लागणारा खड्डा असेल, तर ग्रीसने आवाज काही काळ दबेल, खड्डा भरणार नाही. ग्रीसही सीव्ही जॉइंटसाठीचे मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्तच आणि किटमधले सांगितलेले प्रमाण पूर्ण वापरावे. एक्सल काढताना शाफ्ट ओढू नये, कारण त्या ओढीने ट्रायपॉड आपल्या घरातून निसटू शकतो; आणि हबचा ठोकून अडकवलेला नट पुन्हा न वापरता नवा घेऊन टॉर्क रेंचने, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्यापर्यंत घट्ट करावा.