खंड पडलेल्या एसआयपीचा परतावा एक्सआयआरआरने कसा काढावा

कळंगुटला खोल्या भाड्याने देणाऱ्याची एसआयपी पर्यटनाच्या हंगामाप्रमाणे चालते. डिसेंबरात दहा हजार, पुढे कधी पाच, पावसाळ्यात बंद. अशा वेळी ‘भरलेल्या पैशांवर दहा टक्के नफा झाला’ या हिशेबाला काही अर्थ नाही, कारण कुठला पैसा किती दिवस गुंतलेला होता हे त्यात येतच नाही. एक्सआयआरआर हे सूत्र नेमके तेच मोजते आणि वार्षिक दर देते.

गुगल शीटच्या पहिल्या ओळीत मथळे, ‘ए’ स्तंभात तारखा, ‘बी’मध्ये रकमा. खिशातून गेलेले पैसे उणे, काढलेले अधिक. शेवटच्या ओळीत आजचे मूल्य अधिक चिन्हाने. ते विसरलात तर `#NUM!` येते. बंद महिन्यांच्या ओळी नकोतच.

```
06/11/2023  -10000
07/12/2023  -10000
05/02/2024   -5000
05/04/2024  -15000
06/11/2024   44000

=XIRR(B2:B6,A2:A6)
```

उत्तर साधारण 12.7 टक्के.

आता खरी गोम तारखांची. गुगल शीट अमेरिकन पद्धतीवर असेल तर 06/11 म्हणजे 11 जून. वरच्या पाचही तारखांत दिवस बाराच्या आत आहे, म्हणून शीट एका शब्दाने तक्रार करत नाही आणि उत्तर देते जवळपास 19 टक्के! एप्रिलचे पंधरा हजार तिच्या लेखी 4 मे रोजी गेले आणि 11 जूनला हिशेब झाला, म्हणजे जेमतेम अडतीस दिवस गुंतले. परतावा फुगणारच. 13/11 लिहिले असते तर ती तारीख न राहता नुसता मजकूर झाली असती आणि सूत्र अडले असते. ते परवडले, निदान चूक कळते.

म्हणून ‘सूत्र चालले ना, मग झाले’ हा सल्ला ऐकू नका. आधी `File > Settings > Locale` मध्ये `India` करा, आणि मगच तारखा भरा. आधी भरलेल्या असतील तर पुसून पुन्हा लिहा, कारण सेटिंग बदलल्याने चुकलेल्या तारखा सुधारत नाहीत, फक्त वेगळ्या दिसतात. शेवटी महिना अक्षरी दिसेल असे स्वरूप द्या आणि एकेक ओळ वाचा. पहिल्या तारखेत जून दिसला की समजा, गडबड आहे.

तारीख फंडाच्या स्टेटमेंटमधली घ्या, ठरलेल्या हप्त्याची नव्हे. 5 तारखेला चतुर्थीची सुट्टी आली की युनिट पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळतात. रक्कम मात्र बँकेतून गेली तेवढीच लिहा. दहा हजारांवर 50 पैसे मुद्रांक शुल्क कापून स्टेटमेंट 9999.50 दाखवते, पण तुमच्या खिशातून दहा हजारच गेले.

पहिला हप्ता भरून वर्षही झाले नसेल तर हे सूत्र लावूच नका. दोन महिन्यांतली 3 टक्के वाढ ते वर्षाला 19 टक्क्यांच्या पुढे ताणून दाखवते.