पाच सेकंदांच्या तुकड्यांतून वीस सेकंदांचे दृश्य कसे जोडावे

अलीबाबाने २०२५ मध्ये खुले केलेले ‘वॅन २.१’ हे व्हिडिओ तयार करणारे एआय मॉडेल सर्वसाधारणपणे एका खेपेस ८१ फ्रेम तयार करते. सेकंदाला १६ फ्रेम या वेगाने त्या जेमतेम पाच सेकंद पुरतात. या फ्रेम एकीमागून एक काढल्या जात नाहीत. जुन्या टीव्हीवर दिसणाऱ्या मुंग्यांसारख्या अर्थहीन ठिपक्यांतून सगळ्या ८१ फ्रेम एकदमच हळूहळू स्पष्ट होत जातात आणि त्या एकमेकींशी जुळाव्यात म्हणून चित्राचा प्रत्येक तुकडा इतर प्रत्येक तुकड्याशी ताडून पाहिला जातो.

मेख इथेच आहे. ८३२ × ४८० आकाराच्या चित्रासाठी, आकुंचन करूनही, पाच सेकंदांत चित्राचे असे ३२,७६० बारीक तुकडे होतात. दहा सेकंदांना ते ६३,९६० होतात. म्हणजे तुकडे दुप्पट झाले, पण जोड्या तपासण्याचे काम जवळजवळ चौपट झाले. शिवाय मॉडेलला शिकवण्यासाठी वापरलेल्या चित्रफिती शॉट बदलतो तिथे कापून छोट्या केलेल्या असतात, त्यामुळे लांबलचक अखंड शॉट त्याने फारसे पाहिलेलेच नसतात.

आता चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या आजीचे वीस सेकंदांचे दृश्य करायचे आहे असे समजू. नवखा माणूस पाच सेकंदांचा पहिला तुकडा करतो, त्याची शेवटची फ्रेम दुसऱ्याला सुरुवात म्हणून देतो, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि अशी साखळी ओढत नेतो. चौथ्या तुकड्यापर्यंत आजीची कातडी मेणासारखी गुळगुळीत झालेली असते, लुगड्याचा हिरवा रंग भडक झालेला असतो आणि हातातल्या तीन बांगड्यांच्या पाच झालेल्या असतात. प्रत्येक खेपेला आधीची चूक हेच पुढचे मूळ ठरते. पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी ठेवली की हे लगेच कळते. सलग पाहताना मात्र डोळा फसतो.

म्हणून आधी दृश्य शॉटमध्ये फोडावे: दुरून आजी आणि चूल, चार सेकंद, थापणारे हात, आठ सेकंद, तव्यावर फुगणारी भाकरी, चार सेकंद, आजीचा चेहरा, चार सेकंद. चित्रपट पाहणाऱ्याला कट सवयीचा असतो, तेव्हा जोड तिथेच लपवावा.

त्यानंतर प्रत्येक शॉटसाठी एक स्थिर चित्र तयार करावे. आजीचे पहिले चित्र मनासारखे होईपर्यंत पुढे जाऊ नये आणि बाकीची चित्रे त्याच चित्राचा संदर्भ देऊन करावीत. बांगड्या इथेच मोजून घ्याव्यात. मग या चित्रांवरून तुकडे तयार करावेत. वर्णनात आजी कशी दिसते हे पुन्हा न सांगता फक्त हालचाल लिहावी. एकच शॉट तीन-चारदा तयार करून त्यांतला एक निवडावा लागतो, हे गृहीतच धरावे.

खरी कसोटी हातांच्या आठ सेकंदांची, कारण तिथे कट नको आहे. एका फ्रेमवरून हात कुठे आहे ते मॉडेलला समजते, पण तो किती वेगाने आणि कुठल्या दिशेने चालला आहे हे नीट समजत नाही. म्हणून हात खाली येत असताना जोड घेतला तर तो क्षणभर अडखळतो किंवा उलटा फिरतो. हात वर जाऊन थबकतो तो क्षण शोधावा. तिथे वेग जवळजवळ शून्य असल्याने हरवायला काही उरत नाही. तो क्षण ३.७५ सेकंदांवर सापडला, तर ffmpeg या प्रोग्रामने ती फ्रेम अशी काढता येते:

```
ffmpeg -ss 3.75 -i haat1.mp4 -frames:v 1 jod.png
```

हे चित्र सुरुवातीची फ्रेम म्हणून देऊन दुसरा तुकडा करावा. एडिटरमध्ये पहिला तुकडा या फ्रेमच्या अगदी आधी कापावा. ती फ्रेम दोन्हीकडे राहिली तर एकच चित्र दोनदा दिसते आणि जोडावर बारीकसा हिसका बसतो. दुसऱ्या तुकड्यातले पहिले ४.२५ सेकंद घेतले की आठ सेकंद पुरे होतात. रंगात थोडा फरक पडलाच, तर दुसऱ्या तुकड्याचा रंग पहिल्याशी जुळवावा. उलट करू नये, कारण मूळ चित्राच्या जवळ पहिलाच तुकडा असतो. तिसरी कडी मात्र जोडू नये. आणखी लांबी हवी असेल तर मध्ये तव्याचा शॉट घालावा आणि हातांकडे परतताना मूळ स्थिर चित्रापासूनच नवी सुरुवात करावी.

आवाज सगळ्यात शेवटी, पण एकसंध. चुलीतल्या लाकडांची तडतड वीसही सेकंद न तुटता खालून चालू ठेवावी आणि थापण्याचा आवाज हाताच्या प्रत्येक ठोक्याशी फ्रेम पाहून बसवावा. प्रत्येक तुकड्याचा स्वतःचा आवाज ठेवला, तर डोळ्याला न दिसलेला जोड कानाला ऐकू येतो.