शेतकरी, गाव की तालुका: क्लस्टर कुठे धरायचा ते कसं ठरवावं

रिग्रेशन चालवता येतं आणि डेटा साफ केलेला आहे, एवढं धरून चालतो. एका गावातले शेतकरी एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, हेही कुणाला समजावून सांगायची गरज नसावी. जमीन तीच, पाऊस तोच, बी-बियाणं त्याच कृषी सेवा केंद्रातून आणलेलं आणि सल्ला द्यायला कृषी सहायकही तोच. म्हणून एका गावातून वीस शेतकरी घेतले तरी माहिती वीस माणसांइतकी मिळत नाही. साध्या स्टँडर्ड एररला हे कळत नाही. ती वीसही जण वेगळे मोजते आणि स्वतः नको तेवढी लहान होते. क्लस्टर्ड स्टँडर्ड एरर एका गटातल्या माणसांचे उरलेले फरक, म्हणजे रेसिड्युअल, एकत्र धरते आणि गटागटांमधल्या चढउतारावरून अनिश्चितता काढते.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरतो. आकडे समजण्यासाठी मांडलेले आहेत, कुठल्या प्रत्यक्ष पाहणीतले नाहीत. सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके. प्रत्येकातून ६ गावं आणि प्रत्येक गावातून रब्बी ज्वारी करणारे २० शेतकरी घेतले, म्हणजे ६६ गावं आणि १,३२० शेतकरी. एक प्रशिक्षण योजना ५ तालुक्यांत आली, ६ तालुक्यांत आली नाही. योजनेच्या तालुक्यांत सरासरी उत्पादन एकरी ०.६ क्विंटल जास्त दिसलं. शेतकऱ्या-शेतकऱ्यांतलं प्रमाण विचलन २ क्विंटल.

गटाचा कोड तपासा

गावाचं नाव गट म्हणून वापरू नका. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत सहज सापडतात, आणि एकच गाव तीन प्रकारे टाइप केलेलं तर हमखास असतं. पाहणी करणाऱ्यांनी प्रत्येक तालुक्यात गावांना १ ते ६ असे नंबर दिले असतील, तर सॉफ्टवेअरला ६६ नाही, ६ गट दिसतील. जनगणनेचा गावकोड वापरा. निकालात क्लस्टरची संख्या छापून येते, ती आधी वाचा आणि मग बाकीचं.

पातळी ठरवा

सगळा घोळ इथे होतो, आणि मलाही याच पायरीला सर्वांत जास्त वेळ लागला. रूढ सल्ला असा की डेटा गावातून गोळा केलाय ना, मग गावावर क्लस्टर करा. हा सल्ला अर्धाच आहे. आधी विचारायचं ते हे: योजना कुणाला मिळणार, हे कुठल्या पातळीवर ठरलं? आमच्या उदाहरणात ते तालुक्यावर ठरलं. तालुका योजनेत आला की त्यातली सहाही गावं आली. म्हणजे सांगोल्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, तर तो फटका आणि योजनेचा परिणाम एकमेकांत मिसळतात, आणि हे मिसळणं सहाही गावांत एकदम होतं. गावावर क्लस्टर केलं की सॉफ्टवेअर त्या सहा गावांना सहा स्वतंत्र साक्षीदार समजतं. ती तशी नाहीत.

आता आकडे बघा. सगळे शेतकरी स्वतंत्र धरले तर स्टँडर्ड एरर ०.११ येते, आणि ०.६ ला तिने भागलं की टी साधारण ५.४. एवढ्यावर कुणीही पेढे वाटेल. समजा एकाच गावातल्या दोन शेतकऱ्यांमधला सहसंबंध ०.२० आहे. प्रत्येक शेतकऱ्याला गावात १९ सोबती आहेत, म्हणून व्हेरिअन्स १ + १९ × ०.२० = ४.८ पट होतो. स्टँडर्ड एरर त्याच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे सुमारे २.२ पट होऊन ०.२४ वर जाते. टी २.५. अजूनही पास.

पण त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या गावांत त्याचे आणखी १०० सोबती आहेत. त्यांच्याशी सहसंबंध फक्त ०.०८ असला तरी १०० × ०.०८ = ८ एवढी भर पडते. एकूण १२.८ पट. स्टँडर्ड एरर ०.४०, टी १.५. ज्या सहसंबंधाकडे किरकोळ म्हणून दुर्लक्ष होतं, तोच इथे सर्वांत जड निघाला, कारण तो सर्वांत जास्त जोड्यांवर पसरलेला असतो. गाव पातळीवर दिसलेला परिणाम तालुका पातळीवर टिकला नाही. स्टाटामध्ये फक्त एक शब्द बदलतो:

```
reg utpadan yojana, vce(cluster village)
reg utpadan yojana, vce(cluster taluka)
```

हे गुणोत्तर दुसऱ्या बाजूनेही वाचता येतं. योजना तालुक्याला न देता प्रत्येक गावातल्या शेतकऱ्यांमध्ये चिठ्ठ्या टाकून दिली असती, तर योजना मिळालेले आणि न मिळालेले एकाच गावात शेजारी-शेजारी असते. गावाचा पाऊस दोघांनाही सारखाच लागला असता आणि ही फुगवट जवळजवळ नाहीशी झाली असती. चिठ्ठ्या गावागावांमध्ये टाकल्या असत्या तर गाव हीच योग्य पातळी, वर तालुक्याचे फिक्स्ड इफेक्ट. म्हणजे गटात उत्पादन सारखं असणं पुरेसं नाही. योजनाही गटात एकसारखी असावी लागते, तेव्हा खरी फुगवट येते. २०२३ मध्ये अबादी, अथे, इम्बेन्स आणि वूल्ड्रिज यांनी हेच काटेकोर मांडलं: क्लस्टर करायचं की नाही हे नमुना कसा निवडला आणि योजना कशी वाटली यावरून ठरतं. रेसिड्युअलमध्ये सहसंबंध सापडला म्हणून डोळे झाकून क्लस्टर करायचं नसतं.

म्हणूनच 'चार पातळ्यांवर चालवून बघा आणि सर्वांत मोठी स्टँडर्ड एरर घ्या' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. थोड्या गटांवर काढलेली स्टँडर्ड एरर स्वतःच इतकी डळमळीत असते की ती निव्वळ योगायोगाने लहान किंवा मोठी येऊ शकते. पातळी निकाल बघण्याआधी, योजनेचा शासन निर्णय वाचून ठरवा.

आणखी एक वाईट सल्ला म्हणजे गावाचे फिक्स्ड इफेक्ट टाकले की क्लस्टरची गरज उरत नाही. एकाच वर्षाचा डेटा असेल तर गावाचे फिक्स्ड इफेक्ट आमची योजनाच गिळून टाकतील. अनेक वर्षांचा डेटा असेल तर ते गावाचा कायमचा स्वभाव काढतात, पण त्या-त्या वर्षीचा दुष्काळ आणि त्याचा पुढच्या वर्षावर रेंगाळणारा परिणाम तसाच राहतो. बर्ट्रांड, डुफ्लो आणि मुलैनाथन यांनी २००४ साली अमेरिकेतल्या महिलांच्या वेतनाच्या डेटावर मुद्दाम खोटे कायदे बसवून पाहिले. जे कायदे कधी झालेच नव्हते त्यांचाही 'लक्षणीय' परिणाम ५ टक्क्यांऐवजी ४५ टक्क्यांपर्यंत वेळा निघाला. त्याच कारणाने 'गाव-वर्ष' अशी जोडी क्लस्टर म्हणून घेऊ नका. त्याने गेल्या वर्षीचं गाव आणि यंदाचं गाव ही दोन अनोळखी गावं होतात.

तालुक्याची हद्दही काही देवाने आखलेली नाही. उजनीच्या कालव्याचं आवर्तन हद्द बघून थांबत नाही. शेजारच्या तालुक्यांचा एकमेकांशी संबंध दाट असेल तर तालुक्यावरचं क्लस्टरही अपुरं पडतं, आणि ते मान्य करून लिहावं लागतं.

कारखान्यांचा डेटा असेल तर नियम हाच. यंत्रमाग कारखान्यातल्या कामगारांसाठी कारखाना हा गट धरा, पण एकाच मालकाचे तीन कारखाने तीन नावांनी नोंदलेले असतील आणि मजुरी तोच ठरवत असेल, तर गट मालकाचा.

गट थोडे असतील तर

तालुका धरला की गट उरले ११. क्लस्टर्ड स्टँडर्ड एररमागचं गणित गटांची संख्या मोठी असल्यावर उभं आहे. तिच्या पोटात प्रत्येक गटाची एक बेरीज असते आणि त्या बेरजांच्या वर्गांवरून अंदाज निघतो. शेतकरी १,३२० असोत की १३ हजार, बेरजा ११ च. त्यातून रेसिड्युअल त्याच डेटाला बसवलेल्या रेषेवरून काढलेले असल्याने खऱ्या चुकांपेक्षा थोडे आकसलेले असतात, म्हणून गट थोडे असले की ही स्टँडर्ड एररही लहानच येण्याकडे झुकते.

पहिला उपाय फुकटचा आहे: १.९६ विसरा. ११ गटांना १० स्वातंत्र्यांश मिळतात आणि ५ टक्क्यांची सीमा २.२३ होते. स्टाटा आणि आरमधलं `fixest` हे आपोआप करतात. पायथॉनमधलं `statsmodels` क्लस्टर मागितल्यावर मुळात नॉर्मल वितरण वापरतं. निकालाच्या तक्त्यात `t` ऐवजी `z` छापलेलं दिसलं की समजा, आणि `use_t=True` द्या.

दुसरा उपाय वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप. योजनेचा परिणाम शून्य आहे असं मानून मॉडेल बसवायचं, मग एका तालुक्याचे सगळे रेसिड्युअल एकाच यादृच्छिक आकड्याने गुणून नवा डेटा बनवायचा, दर वेळी टी काढायचा आणि आपला टी त्या गर्दीत कुठे बसतो ते पाहायचं.

```
boottest yojana, weighttype(webb) reps(9999)
```

इथे `webb` मुद्दाम आहे. नेहमीची पद्धत प्रत्येक गटाला फक्त अधिक किंवा वजा चिन्ह देते, त्यामुळे ११ गटांत २,०४८ च जुळण्या होतात आणि ६ गटांत तर ६४. वेबची पद्धत प्रत्येक गटाला सहा पर्याय देते.

बूटस्ट्रॅपही सगळीकडे चालत नाही. योजना एक-दोन तालुक्यांतच आली असेल, तर शून्य परिणाम मानून केलेला बूटस्ट्रॅप परिणाम खरा असूनही तो जवळजवळ कधीच पकडत नाही. तेव्हा योजना कुठल्या तालुक्यांत येऊ शकली असती याच्या सगळ्या जुळण्या लावून पाहता येतात, पण वाटप खरोखर चिठ्ठीसारखं झालं असेल तरच. ११ पैकी ५ तालुके ४६२ प्रकारे निवडता येतात. एकच निवडायचा असेल तर ११ प्रकारे, आणि मग सर्वांत छोटं पी-मूल्य १/११, म्हणजे ०.०९. तिथे ५ टक्क्यांची पातळी गाठणं मुळातच अशक्य आहे.

नमुना वाढवायच्या आधी

निकाल हाती न लागल्यावर गावागणिक २० ऐवजी ४० शेतकरी घेऊ, असं कुणीतरी सुचवतंच. आमच्याच आकड्यांवर करून पाहा. फुगवट १ + ३९ × ०.२० + २०० × ०.०८ = २४.८ पट होते आणि स्टँडर्ड एरर ०.४० वरून ०.३९ वर येते. पाहणीचा खर्च दुप्पट, मिळकत शून्य. पैसे असतील तर शेजारच्या जिल्ह्यांतले तालुके घ्या, नाहीतर योजना गावपातळीवर वाटायला सांगा.

तक्त्याखाली लिहा

क्लस्टर कुठल्या पातळीवर आणि का, एकूण गट किती, त्यातले योजनेत किती, पी-मूल्य कुठल्या पद्धतीचं. आमच्या उदाहरणात मी परिणाम ०.६ क्विंटल आणि ९५ टक्के विश्वासांतर उणे ०.२८ ते १.४८ असं छापेन, आणि पुढे 'परिणाम नाही' असं लिहिणार नाही. हे अंतर एकरी जवळपास दीड क्विंटलची वाढही नाकारत नाही.